चौसष्ट ओळींची दुहेरी मोजणी

शाळेत वृत्ते शिकलेल्या प्रत्येकाला 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र आठवत असते. तीन अक्षरांचा एक गण, आणि गण एकूण आठ. पण आठच का? सात किंवा नऊ का नाहीत? या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर असण्यात जी गोष्ट दडली आहे तिचा शोध हा या थ्रेडचा विषय आहे.

पहिले उत्तर असे. गणातील प्रत्येक अक्षर लघु असेल किंवा गुरु. पहिल्या जागी दोन पर्याय, दुसऱ्या जागी दोन, तिसऱ्या जागी दोन. म्हणून २ × २ × २ = ८.

दुसरे उत्तर गुरु अक्षरे मोजून मिळते. तिन्ही गुरु असलेला गण एकच, तो म. दोन गुरु असलेले गण तीन : य, र, त. एक गुरु असलेले तीन : ज, भ, स. एकही गुरु नसलेला एक, तो न. म्हणून १ + ३ + ३ + १ = ८.

तीन अक्षरांपुरते हे इतके सहज दिसते की त्यात सिद्ध करण्यासारखे काही आहे असे वाटतही नाही. अक्षरे वाढली की चित्र बदलते.

इ.स. ११५० च्या सुमारास, म्हणजे शके १०७२ मध्ये, भास्कराचार्यांनी 'लीलावती' रचली. तिच्यात एक उदाहरण आहे. मित्राला विचारले आहे की, गायत्री छंदाच्या एका चरणाचे एकूण प्रकार किती, आणि त्यांत एक गुरु असलेले, दोन गुरु असलेले, असे वेगवेगळे प्रकार किती, ते झटपट सांग. (येथे गायत्री म्हणजे सहा अक्षरांचे चार चरण. वैदिक गायत्री आठ अक्षरांच्या तीन चरणांची असते. एकूण अक्षरे दोन्हीकडे चोवीसच.)

भास्कराचार्यांची रीत मोजक्या शब्दांत सांगता येते. सहापासून एकपर्यंत उतरत्या क्रमाने आकडे मांडावेत आणि त्यांच्याखाली एकपासून सहापर्यंत चढत्या क्रमाने. मग वरच्याने गुणत आणि खालच्याने भागत पुढे जावे. ६ भागिले १ म्हणजे ६. त्याला ५ ने गुणून २ ने भागले की १५. १५ ला ४ ने गुणून ३ ने भागले की २०. पुढे २० × ३ ÷ ४ = १५, मग १५ × २ ÷ ५ = ६, आणि शेवटी ६ × १ ÷ ६ = १. एक गुरु असलेले चरण ६, दोन गुरु असलेले १५, तीनचे २०, चारचे १५, पाचचे ६ आणि सहाही गुरु असलेला १. यांत सर्व अक्षरे लघु असलेला एक चरण मिळवला की बेरीज ६४ होते.

ही रीत भास्कराचार्यांची स्वतःची नव्हे. नवव्या शतकात महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त ती सामान्य सूत्राच्या रूपात आलेली आहे. परंतु 'लीलावती'त एक वेगळीच गंमत आहे. वरील उदाहरण मिश्रव्यवहाराच्या प्रकरणात येते. पुढे श्रेढीव्यवहारात, म्हणजे श्रेढींच्या प्रकरणात, छंद पुन्हा एकदा भेटतात, आणि तेथे रीत पूर्ण निराळी आहे : चरणात जितकी अक्षरे तितक्या वेळा दुप्पट करा. आठ अक्षरांच्या अनुष्टुभ् चरणासाठी तेथे २५६ हे उत्तर मिळते. तीच रीत सहा अक्षरांना लावली तर पुन्हा ६४. एकाच ग्रंथात, दोन प्रकरणांत, एकाच वस्तूची दोन प्रकारे मोजणी झाली आहे.

दुपटीची रीत तर याहून कितीतरी जुनी आहे. पिंगलाच्या 'छंदःशास्त्रा'त ती आहे. पिंगलाच्या काळाविषयी एकमत नाही, पण तो भास्कराचार्यांच्या हजारभर वर्षे तरी आधीचा. त्याची सूत्रे इतकी त्रोटक आहेत की टीकाकारांच्या मदतीशिवाय ती उलगडत नाहीत. अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, आणि प्रत्येक वेळी खूण ठेवत शून्यापर्यंत उतरा. सहाचे निम्मे तीन, तीनातून एक वजा दोन, दोनाचे निम्मे एक, एकातून एक वजा शून्य. आता १ घेऊन उलटे वर चढा. जेथे एक वजा केला होता तेथे दुप्पट करा, जेथे निम्मे केले होते तेथे वर्ग करा. १ चे २, २ चा वर्ग ४, ४ चे ८, ८ चा वर्ग ६४. सहा वेळा दुप्पट करण्याचे काम चार पायऱ्यांत उरकले. दहाव्या शतकात हलायुधाने 'मृतसंजीवनी' या टीकेत पिंगलाच्याच एका सूत्राचा अर्थ लावताना मेरुप्रस्ताराची रचना सांगितली. वर एक घर, त्याखाली दोन, त्याखाली तीन, आणि प्रत्येक आतल्या घरात वरच्या दोन घरांची बेरीज. सहा अक्षरांच्या ओळीत १, ६, १५, २०, १५, ६, १ हेच आकडे येतात. समाजमाध्यमांवर 'पास्कलचा त्रिकोण मूळचा आपला' अशा आवेशाने हा मेरू वारंवार फिरत असतो. तेराव्या शतकाआधीच तो भारतात होता हे खरेच आहे. मात्र त्या आवेशात एक महत्त्वाचा प्रश्न राहून जातो.

तो प्रश्न असा. दोन रीती एकच आकडा देतात एवढ्याने त्या नेहमीच जुळतील हे सिद्ध होते का?

होत नाही, आणि त्याचे एक छोटे उदाहरण पाहण्यासारखे आहे. चार अक्षरांच्या ओळीत नेमके दोन गुरु हवेत. अशा ओळी किती? चार जागांतून दोन निवडायच्या, म्हणून ४ × ३ ÷ २ = ६. आता कोणी दुसरी रीत सुचवली : ओळीचे दोन-दोन अक्षरांचे अर्धे करा. पहिल्या अर्ध्यातून एक जागा गुरूसाठी निवडा, तिचे २ पर्याय. मग उरलेल्या तीन जागांतून आणखी एक निवडा, तिचे ३ पर्याय. २ × ३ = ६. उत्तर तंतोतंत जुळले!

रीत मात्र चुकीची आहे. जागांना १, २, ३, ४ अशी नावे द्या आणि सहाही निवडी लिहून काढा. आधी १ घेतली तर १ आणि २, १ आणि ३, १ आणि ४ अशा तीन जोड्या मिळतात. आधी २ घेतली तर २ आणि १, २ आणि ३, २ आणि ४. यांत पहिल्या दोन जागी गुरु असलेली ओळ दोनदा मोजली गेली, आणि शेवटच्या दोन जागी गुरु असलेली ओळ मुळीच मोजली गेली नाही. एक जास्त, एक कमी, म्हणून बेरीज जुळली. हीच रीत सहा अक्षरे आणि तीन गुरु यांना लावली की पितळ उघडे पडते. पहिल्या तीनातून एक, म्हणजे ३ पर्याय. उरलेल्या पाचातून दोन, म्हणजे १० पर्याय. गुणाकार ३०. खऱ्या ओळी फक्त २०.

तेव्हा जुळलेले आकडे हा पुरावा नव्हे, तो केवळ संशयाला विश्रांती देणारा संकेत आहे. 'लीलावती'त सूत्रे आहेत, उदाहरणे आहेत, उत्तरे आहेत. ६४ आणि ६४ का जुळतात याचा युक्तिवाद त्या श्लोकांत लिहिलेला नाही. तो ग्रंथकाराला ठाऊक असणे अगदी संभवनीय आहे, कारण प्रस्तार समोर मांडून बसणाऱ्याच्या नजरेतून तो सुटणे कठीण. पण संभवनीय असणे आणि लिहिलेले असणे यांतले अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याने सोडू नये.

तो युक्तिवाद असा. सहा अक्षरांच्या सर्व ओळी एका लांब कागदावर एकाखाली एक लिहिल्या आहेत असे समजा. पिंगलाच्या परंपरेत यालाच प्रस्तार म्हणतात. या कागदावर किती ओळी आहेत ते दोन प्रकारे मोजायचे आहे. पहिल्यांदा अक्षराअक्षराने : प्रत्येक जागी दोन पर्याय, एका जागेची निवड दुसऱ्या जागेला बांधून ठेवत नाही, म्हणून सहा वेळा दुप्पट. दुसऱ्यांदा तोच कागद कापून ओळींचे ढीग करायचे. शून्य गुरूंच्या ओळींचा एक ढीग, एका गुरूच्या ओळींचा दुसरा, असे सात ढीग. प्रत्येक ओळीतील गुरूंची संख्या ठरलेली असते, म्हणून कोणतीही ओळ दोन ढिगांत जाणार नाही. ती संख्या शून्य ते सहा यांच्यामध्येच असते, म्हणून कोणतीही ओळ ढिगाबाहेर राहणार नाही. ढिगांची बेरीज म्हणजेच कागदावरच्या ओळी. मोजणारे दोन असले तरी कागद एकच होता, म्हणून उत्तरे वेगळी येऊच शकत नाहीत. सहाच्या जागी कोणतीही संख्या n घेतली तरी यातला एक शब्दही बदलावा लागत नाही :

C(n,0) + C(n,1) + … + C(n,n) = 2^n

येथे C(n,k) म्हणजे n जागांतून k जागा निवडण्याचे प्रकार. याच सिद्धतेला दुहेरी मोजणी म्हणतात. तिचे सगळे बळ 'एकही ओळ दोन ढिगांत नाही आणि एकही बाहेर नाही' या दोन अटींत आहे. वरची चुकीची रीत नेमक्या याच दोन अटी मोडत होती.

दुसऱ्या अटीचा एक नमुना खुद्द 'लीलावती'त सापडतो. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट या सहा रसांपासून एक, दोन, तीन अशा क्रमाने मिश्रणे किती होतील, असे एक उदाहरण तेथे आहे. आकडे गायत्रीचेच : ६, १५, २०, १५, ६, १. पण बेरीज ६३. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही रसांचे भेद ६३ च सांगितले आहेत. एक कोठे गेला? सहाही अक्षरे लघु असलेला चरण हा खरोखरीचा चरण आहे, तो म्हणता येतो. एकही रस नसलेले मिश्रण मात्र वैद्याच्या उपयोगाचे नाही, म्हणून शून्याचा ढीग धरलेला नाही. राजवाड्याच्या आठ दारांचे उदाहरणही तसेच आहे. दारे उघडण्याचे प्रकार २५५, कारण सर्व दारे बंद हा प्रकार हिशेबात घेतलेला नाही. दुहेरी मोजणी करताना शून्याचा ढीग विसरला की उत्तर नेमके एकाने कमी येते. असा एकाचा फरक दिसला तर पहिला संशय तेथेच घ्यावा.

आता बीजगणिताकडे वळू. (1 + x) हा कंस सहा वेळा घेऊन गुणाकार करा. द्विपद प्रमेयानुसार

(1 + x)^6 = 1 + 6x + 15x² + 20x³ + 15x⁴ + 6x⁵ + x⁶

हे सर्व x साठी खरे आहे. मग x च्या जागी 1 ठेवा. डावीकडे 2^6 म्हणजे ६४, उजवीकडे सर्व सहगुणकांची बेरीज. सिद्धता एका ओळीत संपली. कागद नाही, ढीग नाहीत, अटी तपासणे नाही. ज्याला कातरी चालवण्याचा कंटाळा आहे त्याला ही सिद्धता देखणी वाटेल, आणि ती तशी आहेही.

परंतु हे सहगुणक आले कोठून, असे विचारले की जुना कागद पुन्हा पुढे येतो. सहा कंसांचा गुणाकार करताना प्रत्येक कंसातून एकतर 1 उचलायचा किंवा x. 1 म्हणजे लघु, x म्हणजे गुरु. ज्या निवडीत दोनदा x उचलला ती x² च्या घरात जाते, आणि अशा निवडी १५ असतात. x चा घात म्हणजे गुरूंची संख्या. समान घाताची पदे एकत्र करणे म्हणजे ओळींचे ढीग करणे, आणि x = 1 ठेवणे म्हणजे ढिगांवरच्या चिठ्ठ्या पुसून सगळे पुन्हा एकत्र ओतणे. बीजगणिताने प्रस्तार टाळला नाही, त्याला चिन्हांत गुंडाळून ठेवला.

मग दोन सिद्धतांत फरक तो काय? या सोप्या समानतेत तो फारसा जाणवत नाही. त्यासाठी एक पायरी वर जायला हवे.

गायत्रीचे दोन चरण एकापुढे एक जोडा. बारा अक्षरांची एक ओळ झाली. तिच्यात नेमके सहा गुरु हवेत. भास्कराचार्यांच्या गुणाकार-भागाकाराच्या रीतीने बारा जागांतून सहा निवडण्याचे प्रकार ९२४ येतात. आता तीच ओळ मध्ये यती घेऊन मोजा. पहिल्या चरणात काही गुरु येतील आणि उरलेले दुसऱ्या चरणात. पहिल्यात शून्य, तर दुसऱ्यात सहा : १ × १ = १. पहिल्यात एक, दुसऱ्यात पाच : ६ × ६ = ३६. पहिल्यात दोन, दुसऱ्यात चार : १५ × १५ = २२५. दोन्हीकडे तीन-तीन : २० × २० = ४००. पुढे तेच आकडे उलट्या क्रमाने. बेरीज

१ + ३६ + २२५ + ४०० + २२५ + ३६ + १ = ९२४.

मेरूच्या एका ओळीतील आकड्यांच्या वर्गांची बेरीज ही त्याच मेरूत खूप खाली, बाराव्या ओळीच्या मधोमध बसलेली असते. नुसते आकडे पाहून हे कोणाला सुचावे? यतीच्या दृष्टीने मात्र त्यात गूढ काहीच उरत नाही. पहिल्या चरणातील गुरूंची संख्या हीच ढिगाची चिठ्ठी. प्रत्येक ओळीला ती चिठ्ठी एकच, आणि शून्य ते सहा यांपलीकडे चिठ्ठी नाही. दोन्ही अटी पाळल्या गेल्या. शिवाय चरण समान लांबीचेच हवेत असेही नाही. पहिला m अक्षरांचा, दुसरा n अक्षरांचा, एकूण गुरु r, असे धरले की सामान्य समानता मिळते : C(m,k) × C(n,r−k) हा गुणाकार k च्या 0 ते r या सर्व किमतींसाठी करून बेरीज केली की C(m+n, r) येते.

आज हिला वँडरमाँडची समानता म्हणतात. अलेक्झांडर-थिओफिल वँडरमाँड या फ्रेंच गणितज्ञाचा तो निबंध १७७२ चा. पण चीनमध्ये झू शिजिए याच्या १३०३ मधील ग्रंथात ही समानता आधीच वापरलेली दिसते. नाव देण्याच्या बाबतीत इतिहास कितीदा तरी असा आंधळा ठरतो. हिंदुस्थानात, पॅरिसमध्ये की चीनमध्ये प्रथम, हा वाद येथे वाढवण्यात अर्थ नाही. वँडरमाँडला ही समानता कशासाठी हवी होती, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

बीजगणितातील सिद्धता येथेही आखूड आहे. (1 + x)^m आणि (1 + x)^n यांचा गुणाकार (1 + x)^(m+n) होतो. दोन्हीकडे x^r चा सहगुणक काढा. डावीकडे बेरीज, उजवीकडे C(m+n, r). ज्याने यतीची गोष्ट ऐकलेली नाही त्यालाही ही सिद्धता पटेल, पण ४०० हा आकडा नेमक्या कोणत्या ओळींचा आहे ते त्याला सांगता येणार नाही. यतीने मोजणाऱ्याला ते सांगता येते. एवढा लाभ दुहेरी मोजणीचा.

तिची मर्यादाही येथेच दिसते. १६६४-६५ च्या हिवाळ्यात न्यूटनने द्विपद प्रमेयात घातांकाच्या जागी अपूर्णांक ठेवून पाहिले, आणि १६७६ मध्ये लाइब्निझसाठी लिहिलेल्या पत्रांत ते कळवले. त्या रीतीने (1 + x) चे वर्गमूळ, म्हणजे घातांक ½, असे उलगडते : 1 + x/2 − x²/8 + … पुढे अनंत पदे. म्हणजे C(½, 2) ची किंमत उणे एक अष्टमांश! अर्ध्या अक्षराचा चरण कसा लिहायचा? त्यात दोन गुरु कसे बसवायचे? आणि ते बसवण्याचे प्रकार उणे एक अष्टमांश कसे असतील? प्रस्ताराचा कागद येथे कोरा राहतो. वँडरमाँडला नेमके हेच प्रदेश हवे होते. निवडींच्या सूत्रात पूर्णांकांखेरीज इतर संख्या ठेवून त्याला वर्तुळाच्या परिघाशी, म्हणजे π शी, संबंध जोडायचा होता.

तरीही समानता तेथेही टिकते. m आणि n दोन्ही ½ घ्या आणि r = 2. तीन पदे होतात. पहिल्यात शून्य, दुसऱ्यात दोन : −1/8. दोन्हीकडे एक-एक : ½ × ½ = 1/4. पहिल्यात दोन, दुसऱ्यात शून्य : पुन्हा −1/8. बेरीज शून्य. उजवीकडे C(1, 2), म्हणजे एका अक्षरात दोन गुरु बसवण्याचे प्रकार, तेही शून्य. वर्गमूळाला वर्गमूळाने गुणले की 1 + x च यायला हवा, त्यात x² चे पद नकोच, हेच या शून्याचे म्हणणे.

बीजगणिताच्या बाजूने हे सरळ आहे. पण मोजणीच्या बाजूने येथे हात टेकायचे का? तशी वेळ येत नाही, फक्त बीजगणिताकडून एक वस्तू उसनी घ्यावी लागते. r = 2 साठी समानता उघडून लिहिली तर ती अशी दिसते :

m(m−1)/2 + mn + n(n−1)/2 = (m+n)(m+n−1)/2

n ही कोणतीही एक धन पूर्णांक संख्या धरून ठेवा. दोन्ही बाजूंची वजाबाकी ही m ची बहुपदी होते, आणि तिचा घात दोनपेक्षा जास्त असू शकत नाही. m = 1, 2, 3, 4 … या प्रत्येक ठिकाणी ती शून्य आहे, कारण तेथे खरोखरीचे चरण आहेत आणि यतीची मोजणी लागू पडते. पण दोन घाताच्या बहुपदीला दोनहून अधिक मुळे असतील तर ती सर्वत्र शून्यच असते. म्हणून m च्या जागी ½ ठेवला तरी ती शून्यच राहील. आता m = ½ कायम ठेवून हाच विचार n साठी पुन्हा करा. दोन्ही अर्धे पोहोचले. r मोठा असला तर बहुपदीचा घात r पर्यंत वाढतो, पण चरणांच्या लांब्या अनंत असल्यामुळे मुळांची कमतरता कधीच पडत नाही.

हा पूल कोठे चालतो आणि कोठे नाही हेही लगेच कळते. वर्गांच्या बेरजेची जी समानता ९२४ देत होती, तिच्यात r स्वतःच n इतका आहे. n बदलला की पदांची संख्याही बदलते, म्हणून त्या रूपात ती n ची बहुपदी राहत नाही आणि हा युक्तिवाद तिला थेट लावता येत नाही. पहिल्या समानतेचेही तसेच. 2^n ही बहुपदी नव्हे. तेथे n = ½ ठेवून बेरीज करायची तर ती अनंत श्रेढी होते, आणि ती दोनाच्या वर्गमूळापर्यंत पोहोचते का, हे पाहण्यासाठी अभिसरणाचा वेगळा विचार करावा लागतो.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याची नोंद असलेला १२०७ सालचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या मठात 'लीलावती' शिकणाऱ्यांपुढे मिश्रव्यवहारातले ६४ आणि श्रेढीव्यवहारातली दुप्पट हे दोन्ही येत असणार. गायत्रीच्या चारही चरणांची चोवीस अक्षरे एकत्र घेतली तर दुपटीने येणारी संख्या भास्कराचार्यांनी त्याच उदाहरणात दिली आहे : १,६७,७७,२१६. ती ६४ × ६४ × ६४ × ६४ इतकीच आहे, आणि तीन यतींनी तोडलेल्या ओळीकडे पाहिले तर ती तशीच असायला हवी.